मोठं दुकान आलं तर

बँकेच्या मॅडमनी भाऊंचा कर्जासाठीचा अहवाल परत पाठवला, तेव्हा त्यातल्या एकाच पानावर लाल शाईची खूण होती. माझी भाकरी राहणार की जाणार हे त्या पानावर ठरायचं होतं, पण त्या दिवशी मला त्याचा पत्ता नव्हता. मी ओट्यावर मांडीत परात घेऊन कुणाच्या तरी लेकीचं नाव टाकत बसलो होतो.

माझं काम तेच, भांड्यावर नाव टाकायचं. हातोडी आणि छिन्नी, टिंबाला टिंब लावत जायचं, की अक्षर उमटतं. वणीला बाजाराच्या रस्त्यावर, बसस्टँडपासून चालत येण्यासारखं, भाऊंचं भांड्यांचं दुकान होतं. मी मूळचा कोकणातला. सहावीतून शाळा सुटली ती सुटलीच. माझा मामा जत्रांमधून हिंडत भांड्यांवर नावं टाकायचा, त्याला सोबतीला कुणी हवं होतं आणि माझं अक्षर बरं होतं. फिरत फिरत आम्ही वऱ्हाडात उतरलो. पुढं मामाला दिसेनासं झालं, तो गावाकडं गेला. परतीच्या भाड्याची सोय होईपर्यंत म्हणून मी भाऊंच्या ओट्यावर बसलो, आणि तिथंच तिशी ओलांडली.

भाऊंनी मला ना गाव विचारलं ना घर. माझ्या हाताखालचा गडवा, इकडं तांब्याला म्हणतात तो, उचलून त्यांनी अक्षर पाहिलं आणि म्हणाले, राहून जाय. दुकानामागची खोली दिली, महिन्याचा पगार धरला. दोन वेळचं ताट वहिनी, म्हणजे भाऊंच्या मंडळी, वाढायच्या. आमच्या गावी माझ्या वाट्याचं असं काही नव्हतं. भावाच्या घरात त्याचाच संसार मावत नव्हता. त्यामुळं इथलं सगळं मला कायम उसनं घेतल्यासारखं वाटायचं. दुकानात गिऱ्हाईक कमी आलं की मी रात्री उठून ओट्यावर येऊन बसायचो. वहिनी म्हणायच्या, भाऊजी, दुकान आमचं अन् झोप तुमची उडते.

कापसाचं वाईट चाललं होतं ती ही वर्षं. विकलेल्या कापसाचे चुकारे वेळेवर येत नव्हते, आले तर हातात काही उरत नव्हतं, आणि खेड्यातलं गिऱ्हाईक पाणी भरायचा तांब्याचा गुंड विचारून स्टीलचा डबा घेऊन जात होतं. पण वणीला कोळशाच्या खाणी होत्या. कॉलनीत महिन्याच्या महिन्याला पगार व्हायचा, त्यावर आमचं दुकान तरून जायचं. भाऊंना शेजारचा गाळा घेऊन त्यात कुकर, मिक्सर, गॅसच्या शेगड्या ठेवायच्या होत्या. त्यासाठी बँकेचं कर्ज, आणि कर्जासाठी तो अहवाल. आयकराची कामं करणाऱ्या एका माणसानं तो टाईप करून दिला होता. मोठा स्पर्धक जवळपास आला किंवा त्यानं भाव पाडले तर काय कराल, या मथळ्याखाली त्यानं लिहिलं होतं की ग्राहकांना उत्तम सेवा देऊन आम्ही स्पर्धेस समर्थपणे तोंड देऊ.

मॅडम अमरावतीकडच्या, वयानं लहान, बोलायला सरळ. दुकान बघायला आल्या तेव्हा त्यांनी ते पान भाऊंच्या पुढ्यात ठेवलं.

“ही प्रार्थना झाली,” त्या म्हणाल्या. “योजना कुठंय?”

भाऊ हसले. म्हणाले, मॅडम, वणीत कोण येते मोठं दुकान टाकाले. मॅडमनी चंद्रपूर रस्त्याकडं बोट केलं. तिथं लोखंडी खांबांची एक लांबलचक इमारत उभी राहत होती, आम्ही सगळे तिला गोदाम समजत होतो. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणं ते भांड्यांचं आणि घरसामानाचं मोठं दुकान होणार होतं, बाहेरच्या शहरातल्या शेठचं, त्यांची आणखीही दुकानं होती. भाऊंचं हसू ओठावर राहिलं, डोळ्यांतून गेलं.

मग ते पान आम्ही नव्यानं लिहायला बसलो. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. भाऊ गादीवर, वहिनी दाराच्या आत, आणि माझं अक्षर बरं म्हणून कच्चं लिहायला मी. मॅडम दोनतीनदा येऊन गेल्या. त्यांनी एकही उत्तर आयतं दिलं नाही, नुसतं विचारत राहिल्या. कोणती खूण दिसली की तुम्ही हातपाय हलवाल? अफवेवर हलाल, की विक्री पडल्यावर? विक्री पडली हे कशावरून ठरवाल? भाऊ म्हणाले, मागच्या महिन्यापेक्षा कमी झाली की पडली. वहिनी आतून म्हणाल्या, असं कसं, लग्नाच्या महिन्यानंतरचा महिना कमीच राह्यते. म्हणून ठरलं की या आठवडी बाजाराची विक्री मागच्या वर्षीच्या याच दिवसांतल्या बाजाराशी ताडून पाहायची, आणि लागोपाठ चार बाजार चौथाईनं कमी झाली तर काटकसरीची एक पायरी उतरायची.

पण नुसत्या विक्रीवरून कोण गेलं ते कळणार नाही, असं मॅडमचं म्हणणं. कॉलनीचं गिऱ्हाईक गेलं तर ते नव्या दुकानामुळं. खेड्यातलं गेलं तर कदाचित कापसामुळं. दोन्हींवर औषध वेगळं. त्या दिवसापासून वहिनींनी गल्ल्याशेजारी दोन डबे ठेवले, एक कॉलनीचा, एक खेड्यांचा. गिऱ्हाईक घेऊन गेलं की त्या-त्या डब्यात एक चिंचोका टाकायच्या. भाऊ चिडवायचे की बाजूच्या गाळ्यात आता चिंचेचं दुकान टाका.

भावाचं असं ठरलं. मोठ्याच्या मागं सगळ्या मालाचे भाव पाडत जायचं नाही. त्याचा खिसा खोल, आपला दोन बोटं. पण ग्लास, ताट, वाटी आणि कुकर यांचे भाव बायकांच्या तोंडपाठ असतात. तिथं महाग दिसलो की बाकीचं दुकानच महाग वाटतं. म्हणून तेवढ्या चार वस्तूंना त्याच्या भावाला भिडायचं, तेही नागपूरहून आणण्याच्या भाड्यासकट आपल्याला पडतं त्याच्या खाली न उतरता. बाकी माल आहे त्या भावानं. दर आठवड्याला एकानं जाऊन तिथले भाव बघून यायचे. काही महिन्यांचं भाडं आणि कर्जाचा हप्ता निघेल एवढे पैसे आधीच वेगळे टाकायचे, त्यांना हात लावायचा नाही.

आणि एक ओळ भाऊंनी स्वतः सांगितली, ती सगळ्यांनाच आवडली होती. दुसरीकडून घेतलेल्या भांड्यांवर आपण नाव टाकून देणार नाही. नाव टाकणं आमच्याकडं फुकट होतं आणि हातानं होतं. भाऊ म्हणाले, ज्याले कोकण्याच्या हातचं नाव पायजे तो भांडं इथूनच नेईन. मॅडमनीही मान हलवली. मला तर अभिमानच वाटला. मी ती ओळ जरा ठळक काढली.

शेवटी खर्चाचं आलं. मॅडमनी विचारलं, विक्री खाली आली आणि खालीच राहिली, तर खर्च कुठून कमी कराल? भाडं कमी होणार नव्हतं, हप्ता कमी होणार नव्हता. दुकानात पगारी माणूस एकच होता. तो समोर बसून लिहीत होता.

भाऊ गल्ल्याच्या कुलपाशी चाळा करत राहिले. मग मीच म्हणालो, पगार लिहू काय. भाऊंनी वर पाहिलं नाही. आतून वहिनींचा आवाज आला.

“आधी आपल्या घरची उचल अर्धी करा. मंग नवा माल बंद. भाऊजींचं त्याच्याही मंग.”

तसंच लिहिलं. पहिली पायरी, घरखर्चासाठी गल्ल्यातून होणाऱ्या उचलीत कपात. दुसरी, खपेल तेवढाच माल भरणं. तिसरी, एका पगारी माणसाचा पगार बंद. अवघ्या तालुक्याची नावं मी टाकली होती, पण तिथं मी ‘एक पगारी माणूस’ एवढंच लिहिलं. कर्ज मंजूर झालं. बाजूचा गाळा उघडला, पेढे वाटले. माझ्या घशाखाली पेढा उतरला, पण गोड लागला की नाही ते आठवत नाही.

चंद्रपूर रस्त्यावरचं दुकान उघडलं ते नेमकं धनतेरसच्या तोंडावर. भांडीवाल्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तो. त्यांनी रिक्षा फिरवली, कर्णा लावला, आणि स्टीलचे ग्लास आमच्या खरेदीपेक्षाही खालच्या भावात काढले. भाव बघून यायचं काम माझ्याकडं होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत शिरायलाच धीर होईना. काचेचे दरवाजे, आत लखलखाट, आमच्याकडं वीज गेली की कंदील आणि त्यांच्याकडं जनरेटर. डब्यांच्या भिंतीच्या भिंती. एका कोपऱ्यात एक माणूस विजेच्या पेनानं भर्रभर्र नावं टाकत होता. माझं एक नाव होईतो त्याची पाच व्हायची. वर पाटी होती, नाव मोफत, फक्त येथे घेतलेल्या भांड्यांवर. म्हणजे आमचीच ओळ. मी चार वस्तूंचे भाव मनात घोकत परत आलो आणि वाटेत दोनदा विसरलो.

ग्लासाच्या भावाला भिडणं शक्यच नव्हतं. भाऊंचा जीव तुटत होता, धनतेरस हाये, एक दिवस तरी घाट्यात देऊ. मॅडमना विचारायला गेले. त्या म्हणाल्या की पान तुम्हीच लिहिलंय, पडतं त्याच्या खाली नाही. उद्घाटनाचे भाव कायमचे नसतात, तोही कुठवर घाटा खाईल. भाऊ परत येऊन गादीवर बसले आणि दिवसभर समोरच्या रस्त्यानं जाणाऱ्या पिशव्या मोजल्यासारख्या बघत राहिले. कॉलनीच्या बायका ओळखीचं हसून पुढं जात होत्या. त्यांच्या पिशव्यांवर त्या दुकानाचं नाव होतं.

कॉलनीच्या डब्यात चिंचोके तळाला राहू लागले. घरची उचल अर्धी झाली. वहिनींनी दुधाचा रतीब तोडला, आणि काळा चहा देताना म्हणाल्या, आता तुमच्या कोकणातल्यासारखा. कोकणात आम्ही काळा चहा पीत नव्हतो, पण मी मान डोलावली. मग नवा माल बंद झाला. दोन पायऱ्या उतरून झाल्या होत्या. बाजारच्या दिवशी मी छिन्नी हातात घेऊन बसायचो आणि कान गल्ल्याकडं. चिंचोका डब्यात पडल्याचा टक् आवाज आला की बरं वाटायचं. खेड्यांचा डबा अजून वाजत होता. कापसाचा पैसा नव्हता तरी लग्नं थांबत नाहीत, आणि बसमधून उतरलेलं गिऱ्हाईक त्या लांबच्या दुकानापर्यंत चालत जात नव्हतं. तेवढ्यावर आमची तिसरी पायरी अडून होती.

मग मारेगावकडच्या एका खेड्यातली बाई आली. भाचीचं लग्न होतं, पोरीला आई नव्हती म्हणून सगळं आत्याच बघत होती. गेल्याच बाजाराला तिनं आमच्याकडून गुंड, परात, ताटं-वाट्या असा सगळा संच घेतला होता, आणि आज नाव टाकायला घेऊन आली होती. भांडी ओट्यावर मांडली. मी दोन्हीकडची नावं विचारून घेतली. तेवढ्यात तिनं पोत्यातून दोन डबे आणि एक गंज, म्हणजे उभं पातेलं, काढला. पोरीचा मामा कॉलनीत राहायचा, त्यानं आहेरासाठी घेतले होते. डब्याखाली त्या दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती.

भाऊ गादीवरून उठून आले. आवाज चढवला नाही, पण म्हणाले, हे नाई होत बाई, आमचा नियम आहे. ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडून टाकून घ्या. ती म्हणाली, त्यायच्याकडं जाऊनच आली. ते परातीवर टाकाले तयार नाईत.

“तेही म्हणतात आमचंच, तुमीही म्हणता तुमचंच,” ती म्हणाली. “पोरगी तं एकच हाये ना बापा.”

भाऊ म्हणाले, बाकीच्यांवर टाकून देतो, हे तीन नग ठेवा बाजूला. तिनं मान हलवली. इकडं पोरीच्या भांड्यांवर नाव एका बैठकीत, एका हातानं टाकायची रीत आहे. गावजेवणात सगळ्या घरांची भांडी एकत्र होतात, मग नाव पाहूनच ज्याचं त्याला परत जातं. आणि सासरी भांडी मांडली की जावा-नणंदा आधी अक्षर बघतात. अर्धी नावाची आणि अर्धी बिननावाची भांडी पाठवणं म्हणजे पोरीला अर्धं पाठवणं.

“सासरचे भांडं कोन्या दुकानातलं ते पायत नाईत,” ती पोतं भरता भरता म्हणाली. “नाव पायतात. तुमी दुकान पाहा.”

तिनं सगळं परत भरलं, आमच्याकडून घेतलेलंसुद्धा, आणि ओट्यावरून उतरून गेली. मी परातीवर फक्त पहिलं टिंब मारलं होतं. ते तसंच तिच्यासोबत गेलं.

भाऊंना वाटलं आपण पानाप्रमाणं वागलो. मलाही तसंच वाटत होतं. पण पुढच्या बाजाराला मारेगावकडचं गिऱ्हाईक आलं नाही. त्याच्या पुढच्या तीन बाजारांनाही नाही. खेड्यांचा डबा वाजेना. भाऊ म्हणाले, कापसाचं सारं, लोकायपाशी पैसाच कोठी आहे.

वहिनींनी डबा उचलून त्यांच्या कानाशी हलवला. “कापूस काल पडला काय? भाव तं दिवाळीपासूनच पडेल हाये. मंग लोकं आताच काहून तुटले?”

त्या बाजाराची विक्री धरून लागोपाठ चार बाजार चौथाईहून खाली गेले होते. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. मी खोलीत जाऊन माझी पत्र्याची पेटी पुसून ठेवली. त्यात भरण्यासारखं काही फार नव्हतं. मामाची जुनी छिन्नी होती, ती कापडात गुंडाळली. गावी जाऊन काय करायचं याचा विचार करू लागलो, तर डोळ्यांसमोर गाव येईना, मारेगावची एसटी येई.

दोन दिवसांनी मॅडम माल तपासायला आल्या. बँकेचं कर्ज मालावर असतं, म्हणून त्या अधूनमधून येऊन फळ्या बघून जायच्या. भाऊंनी त्यांना बसवलं आणि त्यांच्यासमोरच मला हाक मारली. कदाचित एकट्यानं सांगायचा धीर होत नसेल.

“कोकण्या,” ते म्हणाले, “लिहेल हाये तं करा लागन. पुढच्या महिन्यापासून पगार नाई.”

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार. इतकी वर्षं त्यांनी दिलं, ते न देण्याचा हक्कही त्यांचाच, असं मला खरंच वाटत होतं. मी खांबाला टेकलो.

वहिनी बाहेर आल्या. पहिल्यांदाच त्या बँकेच्या माणसासमोर दाराच्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. “पगार बंद लिहेल हाये,” त्या म्हणाल्या. “खोली अन् जेवण बंद असं कोठी लिहेल हाये? ते पानावर नाई.”

मॅडमनी पान काढून वाचलं. म्हणाल्या, खरंय, नाही लिहिलेलं. भाऊंनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मग वहिनींनी त्या ठळक ओळीवर बोट ठेवलं. ही खोडा, म्हणाल्या. कोनच्याही दुकानातलं भांडं येऊ द्या. आपल्यातलं असलं तं नाव फुकट, भायेरचं असलं तं पैसे घ्या, अन् ते पैसे भाऊजींचे.

भाऊंना ते पटेना. “म्हंजे त्यानं भांडं विकावं अन् मी माह्या ओट्यावर त्याले सजवून द्यावं? त्याची जाहिरात मी करू काय?”

“नाव होईपर्यंत ते बाई उन्हात उभी राहीन काय?” वहिनी म्हणाल्या. “इथंच बसन. बसली म्हंजे फळ्याइकडं पाहीन. पाहीन तं काई घेईन. आता तं ते ओट्यावरून उतरून गेली.”

मॅडम हसल्या नाहीत, पण पेन पुढं केलं. त्यांचं एवढंच म्हणणं की ओळ खोडायची तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बदल लिहा, कशामुळं बदलला ते लिहा, आणि सही करा. भाऊ बराच वेळ पेन धरून बसले. नियम त्यांचा होता, आणि आवडता होता. मग त्यांनी रेघ मारली. कशामुळं, या रकान्यात काय लिहायचं ते मला विचारलं. शेवटी भाऊंनीच सांगितलं, गिऱ्हाईक ओट्यावरून परत गेलं, एवढं लिही.

सही करून झाल्यावर ते मला म्हणाले, जाय, त्या बाईच्या घरी जाऊन बस. लग्न व्हायचं असन अजून.

मी छिन्नी-हातोडी घेऊन मारेगावच्या एसटीत बसलो. मारेगावला उतरून पुढं विचारत विचारत घर सापडलं. अंगणात मांडव घालणं चाललं होतं, भांडी पोत्यात तशीच होती. आत्यानं मला फाटकातच ओळखलं.

“आता कसे आले?” ती म्हणाली. “आज नाई इचारत कोणाच्या दुकानातली हायेत ते?”

मी म्हणालो, आज फक्त नाव विचारायला आलो. तिनं अजून जरा टोचलं, कमरेवर हात ठेवून बघत राहिली, आणि मग पाट टाकला. गावात वीज नव्हती, बारा बारा तास जायची तेव्हा. माझ्या छिन्नीला वीज लागत नव्हती. आधी ती परात घेतली, माझं पहिलं टिंब शोधलं आणि तिथून पुढं गेलो. मग गुंड, ताटं, वाट्या. त्या दुकानाचे दोन डबे आणि गंज त्यातच, एका बैठकीत. गंजाचा पत्रा पातळ होता, हातोडी हलक्या हातानं मारावी लागली. नवरी लांबून बघत होती. आपलं नाव भांड्यावर उमटताना बघून तिनं तोंड फिरवलं आणि पदराला डोळे पुसले. तिच्या आईचं नाव कुठंच येणार नव्हतं, म्हणून मी आत्याला विचारून एका गडव्याच्या तळाशी, दिसणार नाही असं, तेही टाकलं. निघताना आत्यानं पैसे दिले. डब्या-गंजाचे मी घेतले. आमच्या भांड्यांचे नको म्हणालो, तर ती म्हणाली, तुमच्या शेठपेक्षा तुमीच हट्टी.

त्या लग्नात आजूबाजूच्या गावांची माणसं जेवून गेली असतील. पुढच्या बाजारापासून ओट्यावर पोती यायला लागली. कुठल्या कुठल्या दुकानांची भांडी, एखादं माहेरचं जुनं पितळ, कॉलनीतल्या बायकांचे त्या दुकानातले ग्लाससुद्धा. तिथल्या पेनाचं नाव घासून घासून पुसट होतंय, असं त्या म्हणायच्या. बायका बसायच्या, बसल्या की उठून फळीवरचं उचलून बघायच्या. सगळ्याच घ्यायच्या असं नाही. पण खेड्यांचा डबा पुन्हा वाजू लागला. कॉलनीचा फारसा वाजला नाही, तो पुढंही कधी पूर्वीसारखा वाजला नाही. लग्नसराई संपता संपता त्या मोठ्या दुकानाचे ग्लास आमच्या भावाच्या वर गेले. तेव्हा भाऊ मला भाव बघायला पाठवून मुद्दाम दोनदा विचारायचे, नक्की का.

पगार बंद तो बंदच होता. नावांचे पैसे कधी पगाराहून कमी यायचे, कधी जवळपास. ताट मात्र त्याच वेळेला यायचं. उन्हाळा, पावसाळा असा गेला. बाजार नसलेल्या दिवशी मी रिकामा बसलो की अजून पेटीकडं लक्ष जायचं. पुढच्या धनतेरसला भाऊंनी पाकीट दिलं, त्यात पगार होता. मी ते पेटीत ठेवलं. जेवायला बसल्यावर वहिनींनी ताटाशेजारी दूध घातलेला चहा ठेवला, जेवणाआधी, उलटाच.

कर्जाचं वर्ष फिरलं की ते पान नव्यानं लिहावं लागतं. मॅडम त्याच होत्या. त्यांनी म्हटलं की पायऱ्या त्याच ठेवायच्या की बदलायच्या ते सांगा. मी कागद घेऊन बसलो. घरची उचल, नवा माल, आणि तिसऱ्या पायरीशी येऊन थांबलो. भाऊ म्हणाले, ते तिथं नको लिहू. सगळ्यात खाली लिही, दुकान बंद करण्याच्याही खाली.

मॅडम म्हणाल्या, “दुकान बंद झाल्यावर पगार कसला कमी करणार?”

“तेच तं,” भाऊ म्हणाले.

मॅडम म्हणाल्या की बँकेला असं चालत नाही, खर्च कमी करण्याची जागा दाखवावीच लागेल. त्यांचं बरोबर होतं. त्यामुळं ती ओळ पुन्हा तिसरीच राहिली. मी ती माझ्या हातानंच लिहिली, आणि आजही दरवर्षी लिहितो. फरक एवढाच की तिच्या पुढं, वहिनींनी सांगितल्याप्रमाणं, कंसात आणखी चार शब्द असतात, ‘खोली आणि जेवण सोडून’.

रस्त्यावर कुठं नवे खांब उभे राहिले की मी अजून सायकल थांबवून विचारतो, गोदाम आहे की दुकान. उत्तर काहीही मिळालं तरी परत येऊन छिन्नीला धार लावून ठेवतो.